सरासरीत हरवलेली नाईट शिफ्ट

समजा, ऐरोलीतल्या एका कॉल सेंटरमधल्या 180 जणांनी कर्मचारी सर्वेक्षण भरलं. ‘इथेच काम करत राहावंसं वाटतं’ या मुख्य प्रश्नाला 5 पैकी सरासरी 3.8 गुण मिळाले. आकडा बरा दिसतो. पण पाळीनुसार पाहिलं, तर दिवसा काम करणाऱ्या 120 जणांची सरासरी 4.0 आहे आणि नाईट शिफ्टच्या 60 जणांची 3.4.

रात्रपाळीला काय खुपतंय? सगळ्यात कमी गुण पगाराला आहेत, म्हणून बहुतेक अहवाल पगारावर बोट ठेवून मोकळे होतात. खरं तर पगाराबद्दल सगळेच कुरकुरतात, राहणारेही आणि जाणारेही. नाराजी आणि नोकरी सोडावीशी वाटण्याचं कारण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारण शोधायची रीत साधी आहे. या 60 जणांचे दोन गट करायचे: पगाराला 4 किंवा 5 गुण देणारे आणि बाकीचे. दोन्ही गटांची मुख्य प्रश्नावरची सरासरी ताडून पाहायची. इथे फरक निघाला जेमतेम 0.2. मग ‘रोस्टर वेळेवर कळतो’ या प्रश्नावर तसंच केलं. ‘हो’ म्हणणाऱ्या 30 जणांची सरासरी 4.2, उरलेल्या 30 जणांची 2.6. म्हणजे दुखणं इथे आहे. पुढच्या आठवड्याची सुटी रविवारी रात्री कळत असेल, तर लहान मूल घरी असलेल्या माणसाने काय ठरवायचं? दिवसपाळीत मात्र रोस्टरने काहीच फरक पडला नाही. तिथे क्वालिटीचे गुण न्याय्य वाटतात की नाही, यावर सगळं अवलंबून होतं. सगळ्यांचे आकडे एकत्र मोजले असते, तर दोन्ही कारणं फिकी पडली असती.

तरीही एका टीम लीडरच्या 15-20 माणसांवरून असा निष्कर्ष काढू नये. तेवढ्या आकड्यांत दोघांची उत्तरं बदलली तरी चित्र पालटतं. एकाच पाळीच्या, एकाच प्रोसेसच्या टीम एकत्र घ्याव्यात. पाचपेक्षा कमी माणसांचा निकाल तर दाखवूच नये. एकच टीम लपवली, तर एकूण बेरजेतून बाकीच्या वजा करून तिचा आकडा काढता येतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आणि उत्तरं ओळखू येतात असा एकदा संशय आला, की पुढच्या वर्षी सगळे 4 वरच खूण करतात.

शिवाय एकाच बैठकीत भरलेल्या उत्तरांवर त्या दिवसाच्या मूडची छाया असते. म्हणून रोस्टर उशिरा लागलेल्या आठवड्यांत गैरहजेरी वाढते का, हे हजेरीपटात पाहावं. वाढत असेल, तर रोस्टर दहा दिवस आधी लावावा आणि तीन महिन्यांनी रात्रपाळीला तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारावा.