ऑनलाइन ऑर्डर पुन्हा कधी सुरू होतील?

दुकानाची वेबसाइट बंद पडली की ग्राहकांना पाठवल्या जाणाऱ्या संदेशात दोन गोष्टी असाव्या लागतात : झालेल्या त्रासाबद्दल माफी आणि ऑर्डर पुन्हा कधी घेतल्या जातील याचे उत्तर. माफी मागायला फारशी माहिती लागत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक वेळा संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते, आणि नेमके तेच ग्राहकाला हवे असते. ही अडचण किती लांबू शकते आणि ती टप्प्याटप्प्याने कशी हाताळता येते, याचे उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ या मोठ्या दुकानसाखळीवर 2025 मध्ये झालेला सायबर हल्ला. भारतातील मोठ्या शहरांतही या नावाची दुकाने असल्याने ते इथल्या ग्राहकांना परिचयाचे आहे.

एप्रिल 2025 मध्ये ईस्टरच्या सुट्टीत ब्रिटनमधील या दुकानांत कार्ड टेकवून पैसे भरण्याची सोय अडखळू लागली. ऑनलाइन मागवलेली वस्तू दुकानातून घेऊन जाण्याची सेवाही कोलमडली. 22 एप्रिलला कंपनीने शेअर बाजाराला सायबर हल्ल्याची माहिती दिली आणि मुख्य कार्यकारी अधिकारी स्टुअर्ट मेशिन यांच्या नावाने ग्राहकांना संदेश गेला. त्यात गैरसोयीबद्दल दिलगिरी होती. दुकाने उघडी आहेत, वेबसाइट आणि अ‍ॅप नेहमीप्रमाणे चालू आहेत, ग्राहकांनी सध्या काहीही करण्याची गरज नाही, असेही सांगितले होते. दुकानातून वस्तू घ्यायची असेल त्यांनी ती तयार असल्याचा ईमेल आल्याशिवाय निघू नये, ही सूचना त्यातली सर्वांत उपयोगी होती. तिच्यामुळे लोकांचा हेलपाटा वाचणार होता.

तीनच दिवसांनी, 25 एप्रिलला, कंपनीने वेबसाइट आणि अ‍ॅपवरून ऑर्डर घेणे थांबवले. वेबसाइटवर वस्तू पाहता येत होत्या, पण विकत घेता येत नव्हत्या. या दुसऱ्या संदेशात माफी होती, दुकाने चालू असल्याचे होते, पण ऑर्डर सुरू होण्याची तारीख नव्हती. ग्राहकांना ते खटकले. तरीही त्या वेळी कोणतीही तारीख दिली असती, तर ती अंदाजाने दिलेलीच ठरली असती.

याचे कारण बिघाडाच्या स्वरूपात आहे. वेबसाइट दोन प्रकारांनी बंद पडते. सर्व्हरवरचा भार वाढणे, नव्या बदलात चूक होणे, डेटा सेंटरची वीज जाणे हे पहिल्या प्रकारात येते. इथे काय बिघडले ते लवकर सापडते आणि दुरुस्तीला किती तास लागतील याचा अदमास बांधता येतो. दुसऱ्या प्रकारात कोणीतरी बाहेरून आत शिरलेले असते. मार्क्स अँड स्पेन्सरचे अध्यक्ष आर्ची नॉर्मन यांनी जुलैमध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितल्याप्रमाणे, हल्लेखोरांनी दुसऱ्याच कोणाची तरी बतावणी करून, एका बाहेरच्या कंपनीच्या वाटेने प्रवेश मिळवला होता. अशा वेळी यंत्रणा बिघडल्यामुळेच बंद असतात असे नाही. काही यंत्रणा हल्ला पसरू नये म्हणून कंपनीला स्वतःच बंद कराव्या लागतात. मग घुसखोर कुठवर पोचला होता ते शोधायचे, एकेक यंत्रणा स्वच्छ करायची किंवा नव्याने उभी करायची, आणि खात्री पटल्यावरच ती बाकीच्यांशी जोडायची. शोध पूर्ण झाल्याशिवाय काम किती उरले आहे हेच कळत नाही.

शिवाय ग्राहकाला दिसणारे वेबपान हा या साखळीचा केवळ शेवटचा दुवा असतो. ऑर्डर स्वीकारायची तर गोदामात किती माल शिल्लक आहे ते वेबसाइटला समजले पाहिजे, पैसे जमा झाले पाहिजेत, गोदामाला ऑर्डर पोचली पाहिजे आणि कुरियरला पत्ता मिळाला पाहिजे. मधला एक दुवा जरी तुटका राहिला, तर पैसे कापले जातात आणि माल निघत नाही. म्हणून वेबसाइट दिसू लागणे आणि ऑर्डर सुरू होणे यांत बरेच अंतर असू शकते.

13 मे रोजी तिसऱ्या प्रकारचा संदेश गेला. ग्राहकांची काही वैयक्तिक माहिती चोरीला गेल्याचे कंपनीने त्यात मान्य केले. नाव, संपर्काचे तपशील, जन्मतारीख, पूर्वीच्या ऑर्डरींची नोंद अशी ही माहिती होती. वापरता येतील असे कार्डाचे तपशील आणि पासवर्ड त्यात नसल्याचेही सांगितले होते. 22 एप्रिलला ‘काही करण्याची गरज नाही’ असे ऐकलेल्या ग्राहकांना आता पुढच्या वेळी खाते उघडताना पासवर्ड बदलायला सांगितले जाणार होते. कंपनीच्या नावाने खोटे ईमेल, फोन किंवा मेसेज येऊ शकतात आणि कंपनी कधीही पासवर्ड विचारत नाही, असा इशाराही त्यात होता. पहिल्या संदेशात दिलेला दिलासा तपास पुढे गेल्यावर बदलावा लागतो, हे इथे दिसते. म्हणून सुरुवातीच्या काळात ‘आतापर्यंतच्या तपासात असे आढळले आहे’ एवढेच लिहिणे सुरक्षित असते. ‘सर्व माहिती सुरक्षित आहे’ हे वाक्य नंतर अंगाशी येऊ शकते.

ऑर्डर कधी सुरू होतील याचे पहिले ठोस उत्तर 21 मे रोजी, वार्षिक निकालांच्या वेळी मिळाले. ऑनलाइन विक्रीतला अडथळा जून महिनाभर आणि जुलैमध्येही काही काळ राहील, सेवा हळूहळू पूर्वपदावर येईल, असा कंपनीचा अंदाज होता. वर्षाच्या नफ्यावर सुमारे 30 कोटी पौंडांचा परिणाम होईल, असेही तिने जाहीर केले. कंपनीने एकच तारीख न देता काही आठवड्यांचा पट्टा दिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रत्यक्षात 10 जून रोजी, म्हणजे ऑर्डर थांबवल्यापासून 46 दिवसांनी, विक्री पुन्हा सुरू झाली.

तीही एकदम नव्हे. सुरुवातीला फक्त निवडक कपडे उपलब्ध होते, तेही इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये आणि फक्त साध्या घरपोच सेवेने. उत्तर आयर्लंड आणि इतर सेवा पुढच्या आठवड्यांत येतील, असे सांगितले गेले. ऑनलाइन मागवून दुकानातून घेण्याची सोय ऑगस्टमध्ये परतली. टप्प्यांनी सुरू करण्यात व्यावहारिक शहाणपण आहे. थोड्या वस्तू आणि एकच पोचवण्याची पद्धत ठेवली की ऑर्डरींची संख्या आटोक्यात राहते, आणि एखादा दुवा अजून कच्चा असेल तर तो लवकर लक्षात येतो. मात्र संदेशात ‘आम्ही पुन्हा सुरू झालो आहोत’ एवढेच लिहून चालत नाही. कोणत्या वस्तू, कोणत्या भागात, किती दिवसांत, हे तिथेच सांगावे लागते. नाहीतर उत्तर आयर्लंडमधल्या ग्राहकाला तो संदेश खोटाच वाटेल.

घाईने केलेल्या घोषणेचे काय होते, हे ब्रिटनमधल्याच टीएसबी बँकेने 2018 मध्ये दाखवले. एप्रिलच्या एका शनिवार-रविवारी बँकेने आपली सर्व खाती जुन्या संगणक यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवली आणि लाखो ग्राहकांना आपली खाती उघडता येईनाशी झाली. काही दिवसांतच मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पेस्टर यांनी ऑनलाइन बँकिंग आणि अ‍ॅप पुन्हा चालू असल्याचे जाहीर केले. असंख्य ग्राहक मात्र तेव्हाही बाहेरच ताटकळत होते. संसदीय समितीने त्यांच्या जाहीर विधानांवर कडक टीका केली आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी पद सोडले. कारभार पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. नियामकांनी 2022 मध्ये या प्रकरणात बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून अधिक दंड केला. बंद पडल्याचा राग ग्राहक एकदा गिळतात, पण ‘सुरू झाले’ ऐकून पुन्हा प्रयत्न करावा आणि तेच बंद पान दिसावे, तेव्हा त्यानंतरच्या खऱ्या माहितीवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

या दोन प्रकरणांवरून संदेशाची रचना ठरवता येते. सर्वांत आधी काय बंद आहे आणि काय चालू आहे ते स्पष्ट लिहावे. मग माफी, आणि तीत ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ असे मोघम न लिहिता ग्राहकाला नेमका काय त्रास झाला त्याचा उल्लेख असावा. त्यानंतर आधी दिलेल्या ऑर्डरींचे काय होणार : कोणत्या पोचतील, कोणत्या रद्द होतील, पैसे केव्हा आणि कुठे परत येतील. शेवटी पुन्हा सुरू होण्याची वेळ. ती ठाऊक नसेल तर पुढची माहिती कधी देणार ती वेळ द्यावी, कारण बिघाड आपल्या हातात नसला तरी ती वेळ पाळणे आपल्या हातात असते. तांत्रिक कारण एका वाक्यात पुरते.

आंब्याच्या हंगामात वेबसाइट बंद पडलेल्या एखाद्या छोट्या विक्रेत्याचा संदेश असा होईल :

“मंगळवारी दुपारी 3 वाजल्यापासून आमच्या वेबसाइटवर ऑर्डर देता येत नाहीत. पैसे भरताना पान अडकल्यामुळे अनेकांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला, त्याबद्दल आम्ही माफी मागतो. मंगळवारी दुपारी 3 पूर्वीच्या सर्व ऑर्डरी ठरलेल्या दिवशीच पोचतील. त्यानंतर खात्यातून पैसे गेले, पण ऑर्डर क्रमांक आला नसेल, तर ती रक्कम त्याच खात्यात परत येईल. कृपया पुन्हा पैसे भरू नका. दुरुस्ती चालू आहे. ऑर्डर कधी सुरू होतील हे आज नक्की सांगता येत नाही. पुढची माहिती बुधवारी सकाळी 11 वाजता देऊ. तोपर्यंत नेहमीच्या दुकानाच्या फोनवर ऑर्डर घेतल्या जातील. आम्ही ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक विचारत नाही.”

शेवटचे वाक्य शोभेचे नाही. वेबसाइट बंद असल्याची बातमी पसरली की त्याच विक्रेत्याच्या नावाने ‘रिफंडसाठी इथे क्लिक करा’ असे मेसेज फिरू लागण्याचा धोका असतो, आणि पैशांची वाट पाहणारा ग्राहक त्यांना सहज बळी पडतो. खऱ्या संदेशात पैसे मूळ खात्यातच परत येतात, त्यासाठी कुठलाही तपशील भरावा लागत नाही. लिंक देऊन खाते, पिन किंवा ओटीपी मागितला असेल, तर माफीची भाषा कितीही सभ्य असो, तो संदेश दुकानाचा नसतो. शंका आल्यास लिंक न उघडता दुकानाचा पत्ता स्वतः टाइप करून किंवा जुन्या बिलावरच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.