निरोपाआधीचा हिशेब

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात दुकाने अगदी समोरासमोर आहेत. एका पेढीवरचा दिवाणजी नोकरी सोडून दुसऱ्या पेढीवर बसला, तरी सकाळी शटर वर करताना दोघांची नजरानजर व्हायची ती होतेच. भवानी पेठ आणि नाना पेठेतून बाजार गुलटेकडीला आला, जागा मोठी झाली; माणसे मात्र तीच राहिली. रविवारी ती गुरुवार पेठेतील गोडीजी पार्श्वनाथ मंदिरात भेटतात, सारसबागेजवळच्या दादावाडीत भेटतात. दिवाळीच्या आधी पूना मर्चंट्स चेंबरच्या लाडू-चिवड्याच्या उपक्रमात एकमेकांचे प्रतिस्पर्धी एकाच कामाला लागलेले दिसतात. अशा गावात स्पर्धकाकडे गेलेला माणूस दृष्टीआड होत नाही. त्याला निरोप कसा दिला, याची आठवण दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षे पुरते.

निरोपाच्या वेळी बोलताना जी अडचण होते, ती बहुधा शब्दांची नसते. शुभेच्छा द्यायला कोणाची ना नसते. पण मनात तीन प्रश्न अनुत्तरित असतात. हा आपली गुपिते नेणार का? याचे देणे-घेणे पूर्ण झाले का? आणि आपले ग्राहक याच्यामागे जाणार का? हे प्रश्न तसेच ठेवून हार घातला, की हाराच्या मागून संशय बोलतो. म्हणून आधी हिशेब आणि मग निरोप, हा क्रम महत्त्वाचा.

पहिला प्रश्न गुपितांचा. काही पेढ्यांवर राजीनामा हाती येताच शेठजींच्या तोंडून निघते, “या धंद्यात दोन वर्षे कुठेही काम करायचे नाही.” असे लिहून घेतलेले कागदही अनेकदा असतात. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम कोणालाही त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरवते. नोकरी संपल्यावर माणसाला त्याच्या धंद्यातून बाहेर ठेवणारी अट सामान्यतः टिकत नाही. टिकते काय, हे महाराष्ट्रातीलच एका खटल्याने स्पष्ट केले आहे. कल्याणजवळच्या सेंच्युरी मिलमध्ये टायरसाठी लागणारा धागा परदेशी सहकार्याने तयार होणार होता आणि त्याचे तंत्र गुप्त ठेवण्याची हमी कंपनीने दिली होती. त्यासाठी नेमलेल्या एका पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार केला, काही महिने प्रशिक्षण घेतले आणि मुदत संपण्याआधीच तो कोटा येथील प्रतिस्पर्धी कंपनीत अधिक पगारावर गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील मनाई योग्य ठरवली. मात्र ती कराराच्या मुदतीपुरती आणि त्याच प्रकारच्या कामापुरती होती. म्हणजे संरक्षण मिळाले ते तंत्राला आणि दिलेल्या शब्दाला. मालकाच्या रागाला न्यायालयात जागा नव्हती.

पेढीवर हाच भेद सोप्या रीतीने पाळता येतो. वसुलीची यादी, पार्ट्यांच्या उधारीच्या मर्यादा, खरेदीचे भाव, संगणकातील खाती आणि फोनमध्ये उतरवलेली माहिती ही पेढीची आहे. ती परत घ्यावी, पासवर्ड बदलावेत आणि काय परत मिळाले याची एक साधी नोंद दोघांच्या सहीने करावी. हातावर घेऊन तांदळाची प्रत ओळखण्याची नजर मात्र त्या माणसाची स्वतःची आहे. ती परत मागता येत नाही आणि तिच्याबद्दल संशय धरण्यातही अर्थ नाही. जाणाऱ्याच्या बाजूनेही बंधन आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत रहोभ्याख्यान आणि साकारमंत्रभेद हे दोन आहेत. एकांतातली गोष्ट उघड करणे आणि विश्वासाने कळलेले मनोगत फोडणे, असा त्यांचा आशय आहे. नव्या पेढीवर पहिल्याच दिवशी जुन्या पेढीची खरेदी सांगणाऱ्याला हे सहज लागू पडते.

दुसरा प्रश्न देण्या-घेण्याचा. त्याच पाच अतिचारांत न्यासापहार आहे, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे. साठलेली ग्रॅच्युइटी ही अशीच ठेव मानायला हवी. समजा, एका पेढीवर दहाहून अधिक माणसे आहेत आणि एक दिवाणजी बारा वर्षे पूर्ण करून समोरच्या पेढीवर जात आहे. हिशेबास धरण्याजोगे त्याचे शेवटचे मासिक वेतन २६,००० रुपये आहे. कायद्याप्रमाणे महिना २६ दिवसांचा धरून प्रत्येक वर्षाचे १५ दिवसांचे वेतन द्यायचे. २६,००० ला २६ ने भागले, १५ ने गुणले, तर एका वर्षाचे १५,००० रुपये झाले. बारा वर्षांचे १,८०,००० रुपये. पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर राजीनामा देणाऱ्यालाही ही रक्कम मिळते आणि ती ३० दिवसांच्या आत द्यायची असते. तो कुठे चालला आहे, याचा या हिशेबाशी काही संबंध नाही. स्पर्धकाकडे गेला म्हणून ग्रॅच्युइटी अडवता येत नाही.

रक्कम अडवली जाते ती बहुधा उघड नकाराने नाही. “बघू”, “सी.ए. परगावी आहेत”, “दिवाळीनंतर या” अशा वाक्यांनी ती लांबते. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख नोंदवायची राहते आणि नव्या जागी खाते जोडताना त्या माणसाला खेटे घालावे लागतात. म्हणून समारंभाच्या आदल्या दिवसापर्यंत चार गोष्टी एका कागदावर याव्यात: उरलेला पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटीची रक्कम आणि तिची तारीख. त्याने उचल घेतली असेल, एखादी वसुली त्याच्याकडून यायची असेल, तर तीही त्याच कागदावर असावी. सोबत अनुभवाचे पत्र द्यावे. ज्या हाताला कागद मिळाला आहे, तो हात जोडताना अवघडत नाही.

तिसरा प्रश्न ग्राहकांचा, आणि येथेच सर्वांत मोठी चूक होते. माणूस जाणार हे लपवून ठेवले जाते; मग पार्टीला ते स्पर्धकाच्या फोनवरून कळते. त्यापेक्षा तारीख ठरताच शेठजींनी स्वतः मोठ्या पार्ट्यांना फोन करावा: “आपले दिवाणजी या महिनाअखेर दुसऱ्या पेढीवर जात आहेत. आजपासून तुमचा माल हे भाऊ पाहतील.” शक्य असेल तिथे जाणाऱ्यानेच नव्या माणसाची ओळख करून द्यावी. यामुळे सगळे ग्राहक थांबतील असे नाही. जो भाव आणि प्रत यांसाठी येतो तो राहतो. जो केवळ त्या माणसाच्या बोलण्यासाठी येत होता, त्यातला एखादा जातोही. तेवढे गृहीत धरले, की प्रत्येक गेलेल्या ग्राहकाचा दोष त्या एका माणसाच्या माथी बसत नाही.

एवढे झाल्यावर शब्दांचे काम हलके होते. राजीनाम्याची बातमी कळते, त्या क्षणी पगाराचा आकडा विचारू नये आणि “आम्ही काय कमी केले?” असेही विचारू नये. “कधीपासून जाणार?” हा प्रश्न पुरे. सहकाऱ्यांनीही नव्या पेढीचे नाव त्याने स्वतः सांगेपर्यंत ग्रुपवर लिहू नये; ते सांगण्याचा अधिकार त्याचा आहे.

निरोपाच्या दिवशी तीन वाक्ये पुरतात. पहिल्यात त्याने केलेले एक नेमके काम असावे, दुसऱ्यात तो कुठे जात आहे याचा सरळ उल्लेख, तिसऱ्यात शुभेच्छा. “बारा वर्षे दुकानाच्या किल्ल्या तुमच्याकडे होत्या, आम्हाला एक दिवस काळजी वाटली नाही. आता तुम्ही समोरच्या पेढीवर बसणार आहात. तिथेही तुमच्या हाताला यश येवो.” नव्या पेढीचे नाव टाळले तर सगळी खोली त्याच नावाचा विचार करत बसते, ते सहज उच्चारले, की ताण सैल होतो.

काही वाक्ये प्रेमळ वाटतात, पण ऐकणाऱ्याला टोचतात. “जमले नाही तर परत या” यात त्याच्या अपयशाची अपेक्षा दडलेली असते. “आम्हाला विसरू नका” यात आधीच केलेला आरोप असतो. “आमच्याकडेच शिकलास, बाबा” हे थट्टेने म्हटले तरी त्याच्या कष्टांची मालकी सांगणारे आहे. शुभेच्छेच्या वाक्यात “पण” किंवा “तरी” आले, की एखादा हिशेब अजून बाकी आहे असे समजावे आणि तो समारंभात न काढता वेगळा बसून मिटवावा.

कधी खरोखरच विश्वासभंग झालेला असतो. यादी नेली गेली, पार्ट्या आधीच फोडल्या गेल्या. अशा वेळी गोड बोलण्याचे सोंग करण्याची गरज नाही. तक्रार लेखी करावी, वकिलामार्फत करावी आणि निरोपाचे भाषण टाळावे. शास्त्राने सांगितलेल्या चार भावनांपैकी प्रमोद ही गुणवंतासाठी आहे आणि माध्यस्थ ही न ऐकणाऱ्यासाठी. माध्यस्थ म्हणजे द्वेष न करता तटस्थ राहणे. प्रत्येकाला प्रमोदच दाखवला पाहिजे असे शास्त्रही म्हणत नाही. मात्र “तो स्पर्धकाकडे गेला” हा एकटा विश्वासभंग नव्हे. दुसऱ्या पेढीवर पोट भरणे हा कोणाचाही अपराध नाही.

निरोप साधला की नाही, हे त्या दिवशीच्या फोटोवरून कळत नाही. ते संवत्सरीला कळते. त्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’चा तयार संदेश सगळ्यांना एकदमच जातो, त्यात तो माणूसही असतो. पण वर्षभर एकाच बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक ओढलेल्या दोघांपैकी एकाने जर समोरचा रस्ता ओलांडून दुकानाची पायरी चढली आणि हात जोडले, तर निरोप नीट झाला होता असे समजावे. ग्रॅच्युइटी वेळेवर मिळालेल्या माणसाला ती पायरी उंच वाटत नाही, आणि ती वेळेवर देणाऱ्या शेठजींनाही गल्ल्यावरून उठून पुढे यायला जड जात नाही.