कौलांसारखी रचलेली तांब्याची लादी
तुर्कस्तानच्या उलुबुरुन भूशिराजवळ १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला तांब्याच्या लाद्या दिसल्या. जहाज सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचं. तळाशी एका खेपेत जेमतेम वीस मिनिटं मिळायची. तेवढ्यात वस्तू न हलवता तिला क्रमांक द्यायचा, ठरलेल्या खुणांपासून टेपने अंतरं मोजायची. उत्खनन १९८४ ते १९९४ चाललं, ते उगाच नाही. नकाशा भरत गेला तसं दिसलं, की लाद्या कौलांसारख्या एकीवर एक चढवून चार ओळींत रचल्या होत्या, खाली झुडपांच्या फांद्यांचा थर होता. आधीच कुणी त्या उचलून विकल्या असत्या, तर माल कसा भरला होता हे कधीच कळलं नसतं. समुद्रात असं काही दिसलं, तर हात न लावता पुरातत्त्व खात्याला कळवा.