आधी ऊब, मग दूध

आईविना सापडलेलं पिल्लू किंचाळत असलं की आपण आधी दुधाकडे धावतो. तिथेच चुकतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही; पाजलेलं दूध पोटात नुसतं पडून राहतं. तोंडात बोट घालून पाहा. आतून गार लागलं तर दूध थांबवा. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लू दुसरीकडे सरकेल. शेकायची घाई मात्र नको. तासा-दोन तासांत हळूहळू ऊब येऊ द्या.

गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश बरेच कमी असतात. औषधांच्या दुकानात मिळणारी पिल्लांची दूध पावडर घ्या आणि डब्यावरच्या प्रमाणातच कालवा. तीनशे ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला साधारण साठ मिलिलिटर लागतं. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, सात-आठ मिलिलिटर पाजा. पिल्लू पालथंच हवं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा.

पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने शू-शीची जागा हळूच पुसा. हे काम आई चाटून करते. त्याशिवाय त्याला होतच नाही. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सलग दोन दिवस ते वाढलं नाही, तर पशुवैद्याकडे न्या.