भागाकार मांडताना ‘श, द, ए’ कशासाठी?

सावंगी (मेघे)

प्रिय पालकहो,


मुलांच्या वहीत भागाकाराच्या वर ‘श, द, ए’ अशी अक्षरे दिसतात आणि गणित लांबलचक वाटते. ‘आम्ही तर दोन ओळींत करायचो,’ असे तुमच्यापैकी अनेकजण म्हणतात. म्हणून वर्गात आम्ही भागाकार कसा शिकवतो, ते सविस्तर लिहिते आहे.

५३६ भागिले ४ हे उदाहरण घेऊ. तुम्ही-आम्ही शिकलो ते असे: चार एके चार, पाचातून चार गेले, उरला एक, वरचे तीन खाली उतरवले, झाले तेरा. उत्तर बरोबर येते. पण एक आणि तीन मिळून चार न होता तेरा कसे झाले, हे मुलाला विचारले तर ते गप्प राहते.

वर्गात आम्ही हीच रक्कम खेळातल्या नोटांनी मांडतो. शंभराच्या पाच, दहाच्या तीन आणि रुपयाची सहा नाणी. वाटून घेणारी मुले चार. आधी शंभराच्या नोटा वाटायच्या. प्रत्येकाला एक मिळते आणि एक उरते. ती चौघांत वाटता येत नाही, म्हणून ‘बँके’त बसलेल्या मुलाकडून तिच्या बदल्यात दहाच्या दहा नोटा घ्यायच्या. हातात आधीच्या तीन आहेतच, म्हणून आता तेरा झाल्या. आकडा ‘उतरवणे’ म्हणजे हेच: उरलेले १ शतक म्हणजे १० दशक, त्यात आधीचे ३ दशक मिळवायचे. तेरातून प्रत्येकाला तीन दिल्या की बारा संपतात, एक उरते. ती मोडून दहा नाणी घेतली की आधीच्या सहासह सोळा होतात, प्रत्येकाला चार. उत्तर १ शतक, ३ दशक, ४ एकक, म्हणजे १३४.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार एककापासून सुरू होतात; मग भागाकारच डावीकडून का, हेही मुलांना यातून कळते. एकदा आम्ही मुद्दाम नाण्यांपासून वाटायला लावतो. सहा नाण्यांतले प्रत्येकाला एक, दोन उरतात. दहाच्या तीन नोटा चौघांत वाटता येत नाहीत. शंभराच्या पाचातून प्रत्येकाला एक, एक उरते. ती मोडली की दहाच्या नोटा पुन्हा वाटाव्या लागतात आणि त्यातली उरलेली मोडली की नाणीही पुन्हा वाटावी लागतात. मोठ्या नोटेपासून सुरुवात केली की उरलेले मोडून पुढच्या घरात जाते, मागे वळावे लागत नाही.

अक्षरांचा खरा उपयोग ६१५ भागिले ३ मध्ये दिसतो. बरीच मुले याचे उत्तर २५ काढतात. शंभराच्या सहा नोटा तिघांत वाटल्या, प्रत्येकाला दोन. दहाची नोट एकच आहे. तिघांना ती पुरत नाही, म्हणजे दशकाच्या घरात प्रत्येकाला शून्य. ती मोडली की आधीच्या पाचासह पंधरा नाणी होतात, प्रत्येकाला पाच. उत्तर २०५. पूर्वी आपण भागाकार उजव्या बाजूला, कंसाबाहेर लिहायचो. तिथे दोनाच्या शेजारी पाच लिहिले तरी मधली जागा रिकामी राहिल्याचे दिसत नाही. आता भागाकार भाज्याच्या वर, प्रत्येक अंक आपापल्या घरात लिहितात. शून्य विसरले तर द खालचे घर रिकामे दिसते. शिवाय सहाशेहून जास्त रुपये तिघांत वाटल्यावर प्रत्येकाला दोनशेच्या वर मिळायला हवेत, मग २५ कसे, असे मूल स्वतःच विचारू लागते.

नोटांचे हे काम कायमचे नाही. हातांना सवय झाली की नोटा बाजूला होतात, मग श, द, ए, आणि शेवटी तुमचीच दोन ओळींची रीत राहते. भाजक २४ सारखा दोन अंकी झाला की चोवीस जणांत नोटा वाटत बसणे शक्य नसते. तिथे २४ चा पाढा बाजूला लिहून घ्यावा लागतो. पाढे पाठ हवेतच, त्यांना पर्याय नाही.

घरी सराव घेताना शंभराच्या, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणीच घ्या. वीस-पन्नासच्या नकोत, त्यांना शतक-दशक-एककात घर नाही. प्रत्येक पायरीला ‘किती उरले?’ एवढ्यावर न थांबता ‘उरलेले काय आहे, नोट की नाणे?’ असे विचारा. शेवटी पडताळा करायला सांगा: भागाकार गुणिले भाजक, अधिक बाकी, म्हणजे भाज्य आला पाहिजे. २५ ला ३ ने गुणले तर ७५ येतात, ६१५ नाही. चूक तिथेच सापडते.

तुमची रीत मुलांना जरूर दाखवा. फक्त आकडा उतरवताना एक शतक मोडून दहा दशक झाले, हे त्यांच्याकडून एकदा वदवून घ्या.

आपली,
वर्गशिक्षिका