डॅशबोर्डवरचे शिळे आकडे

डॅशबोर्ड बिघडला तर तो कोरा दिसेल, असं वाटतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयवर मात्र आलेख जागच्या जागी असतात, आकडेही असतात, फक्त ते चार दिवसांपूर्वीचे असतात. कारण नेहमीच्या पद्धतीत हा डॅशबोर्ड मूळ फाइल थेट वाचत नाही. तो तिची एक प्रत स्वतःकडे आणून ठेवतो आणि ठरल्या वेळी ती ताजी करतो. ताजी करणं फसलं, तर जुनी प्रत तशीच राहते.

समजा, एका कंपनीच्या विक्रीच्या नोंदी शेअरपॉइंटवरच्या एक्सेल फाइलमध्ये आहेत आणि रिफ्रेश रोज सकाळी सातला होतो. त्या वेळी लॉगिन करायला कोणी बसलेलं नसतं. रिपोर्ट बनवणाऱ्याने सुरुवातीला एकदा साइन इन केलेलं असतं, तेव्हा मिळालेलं टोकन सेवेने जपून ठेवलेलं असतं, आणि त्याच्या जोरावर ती फाइलपर्यंत पोचते. सोमवारी त्या माणसाने पासवर्ड बदलला की जुनं टोकन रद्द होतं. मंगळवारी सातला दार उघडत नाही. टोकन बराच काळ वापरलंच गेलं नाही, तरी ते बाद होतं.

अपयशाची मेल जाते, पण मुख्यतः रिपोर्टच्या मालकाला. तो नोकरी सोडून गेला असेल, तर ती वाचणार कोण? म्हणून सेटिंगमध्ये आणखी एकदोघांचे पत्ते घालून ठेवलेले बरे.

खरी फसगत पुढे होते. तक्रार आली की रिपोर्ट बनवणारा आपल्या लॅपटॉपवर रिफ्रेश करून पाहतो, ते बिनबोभाट होतं, आणि तो म्हणतो, "माझ्याकडे तर चालतंय!" चालणारच. लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमकडे त्याची स्वतःची वेगळी साठवलेली ओळख असते, क्लाउडवरची वेगळी. त्यामुळे लॅपटॉपवरची चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही. पाहायचं ते सेवेतल्या `Refresh history` मध्ये. ओळख अवैध असल्याचा संदेश तिथे दिसला, तर `Data source credentials` खाली `Edit credentials` वर जाऊन पुन्हा साइन इन करायचं.

एवढ्यावर उठू नये. लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फसला की पॉवर बीआय वेळापत्रकच बंद करून टाकतं. ओळख कालबाह्य झाल्याचं लक्षात आलं तर त्याआधीही. साइन इन केल्यावर वेळापत्रक चालू आहे ना ते बघावं, आणि एक रिफ्रेश हाताने करून घ्यावा.

व्यक्तीच्या खात्याऐवजी सर्व्हिस प्रिन्सिपल, म्हणजे केवळ प्रोग्रॅमसाठीचं खातं, जिथे चालतं तिथे वापरता येतं. त्याला माणसाच्या पासवर्डाशी देणंघेणं नसतं. पण त्याच्या गुप्त किल्लीलाही मुदत असते, तेव्हा ती तारीख कुणाच्या तरी कॅलेंडरात हवीच. रिपोर्ट वाचणाऱ्यांसाठी मला सर्वांत उपयोगी वाटते ती एक साधी ओळ: पानाच्या डोक्यावर, मोठ्या अक्षरात, डेटामधल्या शेवटच्या बिलाची तारीख.