वेबमालिकेच्या परीक्षणाचे शीर्षक : नाव, भाषा आणि अभिप्राय

वेबमालिकेच्या परीक्षणाच्या शीर्षकावर तीन गोष्टींचा भार असतो. मालिका कोणती, तिची भाषा कोणती आणि ती पाहावी की नाही, हे त्याने सांगावयाचे; मात्र कथानक उघड करावयाचे नाही. हे जितके सोपे वाटते तितके नाही. आपल्याच मराठवाड्याशी निगडित ‘मानवत मर्डर्स’ हे उदाहरण घेऊ.

परभणी जिल्ह्यातील मानवत येथे 1970 च्या दशकाच्या आरंभी झालेल्या हत्याकांडावर ही मालिका 2024 साली आली. दिग्दर्शक आशिष बेंडे असून तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. हत्याकांडाचा उलगडा त्या पिढीतील अनेकांना ठाऊक आहे. म्हणून त्यात लपविण्यासारखे काही उरले नाही, असा युक्तिवाद होऊ शकेल. तो ग्राह्य नाही. उस्मानपुऱ्यातील वृद्धाला जी आठवण आहे, ती त्याच घरातील नातवाला कदाचित प्रथमच कळणारी गोष्ट असते. आणि शीर्षक तर दोघांच्याही दृष्टीस पडते.

नावाने भाषेचा निर्णय होतो असे नाही. प्रस्तुत नावातील दुसरा शब्द इंग्रजी आहे, मालिका मात्र मराठी. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरील ‘समांतर’ (2020) हे नाव मराठीत आणि हिंदीत सारखेच आहे, आणि ती अन्य भाषांतही ध्वनिमुद्रित झाली. तेव्हा नुसते ‘मराठी’ न लिहिता ‘मूळ मराठी’ लिहावे. परीक्षकाने हिंदी आवृत्ती पाहिली असल्यास ‘हिंदी ध्वन्यांतर’ म्हणावे. अन्यथा संवादांविषयीचा त्याचा अभिप्राय भलत्याच आवृत्तीला चिकटतो.

खरी अडचण अभिप्रायाची. ‘खुनी कळताच थक्क व्हाल’ या शीर्षकात कोणाचेही नाव नाही. तरीही ज्याच्यावर सहज संशय जावा अशा पात्राला वाचक आरंभीच वगळून टाकतो. येथे कसोटी एकच : शीर्षक वाचल्यामुळे कथेतील एखादी शक्यता बाद होते काय? होत असेल, तर गुपित फुटले. याउलट ‘मानवत मर्डर्स (मूळ मराठी) : अभिनय भक्कम, गती संथ’ असे म्हटल्यास परीक्षकाचे मत कळते आणि कोणतीच शक्यता मिटत नाही; कारण मत घटनांवर नसून रचनेवर आहे. ‘गती संथ, पण शेवट अनपेक्षित’ एवढी भर घातली की मात्र ती पुन्हा मिटू लागते.

या नियमालाही मर्यादा आहेच. परीक्षकाचा मुख्य आक्षेप शेवटावरच असेल, तर शीर्षकात ‘अखेरची मांडणी सैल’ याहून पुढे त्याला जाता येत नाही; आक्षेपाचे कारण, पूर्वसूचना देऊन, लेखाच्या उत्तरार्धातच सांगावे लागते. शीर्षक त्यामुळे काहीसे बोथट होते, आणि ते तसे होऊ द्यावे, असे आमचे मत आहे.